म्हादईच्या डिबेटमधले दावे

आज संध्याकाळभर पणजीत म्हादई नदीच्या पाण्यावरच्या टीव्ही डिबेटमधून तपासता येतील असे दावे काढत बसलेले. 'गोव्याचं पाणी विकलं' हे मत, ते सोडलं. पण रेकॉर्डिंगमध्ये 23:14 ला एकजण म्हणतो, 'लवादानं 2018 मध्ये कर्नाटकाला 13.42 टीएमसी वळवायला दिलं', हे तपासता येतं आणि शब्दन्‌शब्द तसाच लिहायला हवा, कारण निवाड्यात 13.42 आहेत खरे, पण त्यातले 8.02 वीजनिर्मितीचे, आणि मलप्रभा नदीत वळवायला फक्त 3.9, म्हणजे घाईत 'वळवायला' गाळलं की चुकीचा दावा बरोबर होऊन बसतो! टाइमस्टॅम्प 23:02 पासून दिला, अँकरचा प्रश्न तिथे सुरू होतो. सगळे एकदम ओरडतात तिथे ओठ बघून नाव लिहिते, नाहीच कळलं तर जागा रिकामी, अंदाजानं कोणाच्या तोंडी काही घालत नाही.