सव्वातीन फुटांचा माळढोक, पावणेनऊ इंचांचा बेड

सोलापुरात राहून माळढोक माहीत नाही असा माणूस विरळा, आणि माळढोक डोळ्यांनी पाहिलेलाही विरळाच. नान्नजचं अभयारण्य इथून हाकेच्या अंतरावर, पण पक्षी आता जवळजवळ दिसतच नाही. म्हणून आमच्या वहिनींच्या शाळेला त्याचं मूळ आकाराचं मॉडेल हवं होतं. पूर्ण वाढलेला नर उभा राहिला की साधारण मीटरभर भरतो. माझ्या थ्रीडी प्रिंटरचा बेड, म्हणजे वस्तू जिच्यावर छापली जाते ती पाटी, २२० बाय २२० मिलिमीटर आणि उंची २५०. म्हणजे तुकडे करणं आलंच. तुकडे करायला स्लायसरमध्ये, म्हणजे मॉडेलचे छापायचे थर पाडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, पाच मिनिटं पुरतात. कुठे कापायचं, पिना कशा बसवायच्या आणि शेवटी कशाने चिकटवायचं, यातच सगळा वेळ गेला.

आधी कापण्याबद्दल. धड छातीपासून शेपटीपर्यंत ५६० मिलिमीटर लांब होतं, आणि आडवं कापलं तर काप अंडाकृती येत होता, २३० उंच आणि १९० रुंद. २३० बेडवर मावत नाही म्हटल्यावर पहिला विचार येतो तो उभा मध्यावर चिरून डावं-उजवं करायचा. पण मग पाठीवरून थेट एक सांधा धावणार, आणि तो पुट्टीने कितीही भरला तरी नजरेला पडणार. तो काप बेडवर पंचेचाळीस अंश फिरवला तर दोन्ही बाजूंनी २११ च्या आसपास येतो आणि बसतो. चौकोन असता तर फिरवून उलट जास्त जागा लागली असती, अंडाकृतीला मात्र फायदा होतो. त्यामुळे धडाचे आडवे तीनच तुकडे झाले: छाती, मधला भाग आणि शेपटी.

छातीचा काप मी मुद्दाम नराच्या छातीवरच्या काळ्या पट्ट्यात घेतला. काळ्या रंगाखाली सांधा लपतो. शेपटीचा काप पंखांच्या टोकाशी नेला. मॉडेलमध्ये जिथे आधीच एखादी कड किंवा रंगाची हद्द असेल तिथे कापलं की पुढची घासाघीस निम्मी होते.

आता पिना. प्रुसास्लायसरच्या `Cut` मध्ये `Add connectors` घेतलं की `Plug` आणि `Dowel` असे प्रकार दिसतात. `Plug` म्हणजे पिन एका तुकड्यालाच उगवलेली असते. ऐकायला सोयीचं वाटतं, पण त्यात दोन अडचणी आहेत. पिन तुकड्यासोबत उभी छापली जाते, म्हणजे तिचे थर आडवे एकावर एक बसतात आणि कडेने जरा जोर आला की थरांमध्ये कटकन तुटते. दुसरं म्हणजे त्या तुकड्याची कापलेली बाजू बेडवर टेकवता येत नाही. मला तर तीच बाजू बेडवर हवी होती, कारण मग ती सपाट येते, खालचे चार-पाच थर भरीव असल्याने डिंकाला पूर्ण जागा मिळते, आणि छातीसारखा घुमटाकार तुकडा वर निमुळता होत जातो, आधाराशिवाय निघतो.

म्हणून `Dowel`. दोन्ही तुकड्यांत फक्त भोकं आणि पिना वेगळ्या, आडव्या झोपवून छापायच्या. आडवी छापली की थर पिनेच्या लांबीने जातात, हाताने मोडता मोडत नाही. गोल पिन आडवी नीट छापली जात नाही, म्हणून षटकोनी घेतली, ८ मिलिमीटर जाडीची आणि २० लांबीची. भोक प्रत्येक बाजूला साडेदहा खोल ठेवलं. ते अर्धा मिलिमीटर जास्त असावंच लागतं, नाहीतर पिन तळाला टेकते आणि सांधा मिटत नाही.

किती सैल ठेवायचं हे पुस्तकातल्या आकड्यावर सोडू नये, कारण प्रत्येक प्रिंटर आणि प्रत्येक फिलामेंट वेगळं वागतं. मी काडेपेटीएवढी एक पट्टी छापली. तिच्यात तीन षटकोनी भोकं होती, पिनेपेक्षा प्रत्येक बाजूला ०.१, ०.२ आणि ०.३ मिलिमीटर मोठी. ०.१ मध्ये पिन शिरलीच नाही, ०.२ मध्ये अंगठ्याच्या दाबाने गेली, ०.३ मध्ये खुळखुळली. पट्टी खऱ्या तुकड्यासारखीच भोकं खाली करून छापायची. पहिला थर बेडवर दाबला जाऊन किंचित पसरतो आणि भोकाचं तोंड अरुंद करतो. ती कड नंतर जाड ड्रिल बिट हातात धरून दोन वेढे फिरवलं की निघते.

यावरून वाटेल की सगळी भोकं ०.२ ची करून टाकावीत. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एक लेथवाले मामा आहेत, त्यांच्याकडे मी रॉड कापायला गेलो होतो. त्यांना तुकडे दाखवले, तर त्यांनी एकच विचारलं.

"मालक, तिन्ही डॉवेल टाइट मारणार का?"

"हो, म्हणजे हलायला नको."

"मग बसणारच नाही की ओ. एक टाइट ठेवा, तो जागा धरतो. दुसऱ्याचं काम फक्त फिरू न देण्याचं. तो सैल पाहिजे."

त्यांच्या जिग-फिक्श्चरमध्ये, म्हणजे काम जागेवर धरणाऱ्या साच्यांत, हेच चालतं. एक गोल पिन आणि दुसरी डायमंड पिन, जी एकाच दिशेने घट्ट असते. कारण साधं आहे. दोन तुकड्यांत छापताना भोकांमधलं अंतर केसभर तरी इकडचं तिकडे होतं. तिन्ही पिना घट्ट असल्या तर तो केसभर फरक जायला जागाच उरत नाही. मी धडाच्या प्रत्येक सांध्यात एक भोक ०.२ चं आणि दोन ०.३ ची ठेवली. शिवाय तिन्ही असमान अंतरांवर ठेवली, म्हणजे तुकडा एकाच पद्धतीने बसतो. आणि आकार लहानमोठा करायचा असेल तर कापायच्या आधी. कापल्यावर मॉडेल स्केल केलं की ही मोकळी जागाही स्केल होते आणि सगळं गणित कोलमडतं.

पिना फक्त जुळवण्यासाठी आहेत, वजन पेलायचं ते सांध्याच्या पृष्ठभागाने आणि डिंकाने, हे धरून पुढे गेलो. इथे पाय मधल्या तुकड्यात आहेत. म्हणजे छाती आणि तिच्यावरची लांब मान हे सगळं पुढच्या सांध्यावर लोंबतं. सांध्याची वरची कड सतत उघडायला बघते. सरळ ओढलं तर बहुतेक डिंक टिकतात, कडेपासून सोलल्यासारखा जोर आला की त्यांची खरी परीक्षा होते.

आणि सोलापूरचं ऊन. शाळेची ती खोली पत्र्याची. छपाईचं नेहमीचं प्लास्टिक, पीएलए, साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि सतत भार असेल तर त्याआधीच हळूहळू वाकायला लागतं. म्हणून मी पीईटीजी हे दुसरं प्लास्टिक घेतलं, ते साधारण ऐंशीपर्यंत तग धरतं. पण पीईटीजीला डिंक पीएलएइतका सहज धरत नाही.

नवी पेठेतून आणलेल्या वेगवेगळ्या डिंकांनी छापलेल्या पट्ट्यांच्या जोड्या चिकटवल्या आणि दुपारभर गच्चीवर पत्र्याखाली ठेवल्या. हॉट ग्लू उन्हात सैल झाला, शिवाय त्याचा थर जाड, सांधा मिटूच देत नाही. चपला चिकटवतात तो रबरी डिंक तुटला नाही, पण वजन टांगल्यावर पट्टी हळूहळू सरकत गेली. पांढरा फेव्हिकॉल मी घेतलाच नाही. त्याला पाणी शोषणारा पृष्ठभाग लागतो, प्लास्टिक ते शोषत नाही. झटपट चिकटणारा सायनोअॅक्रिलेट, म्हणजे आपला फेवीक्विकचा प्रकार, ओढायला पक्का होता, पण जोडी फरशीवर पडली की टचकन सुटली. तो ठिसूळ असतो. तो हवेतल्या ओलाव्याने कडक होतो, त्यामुळे आपल्या कोरड्या उन्हाळ्यात जाड थर बराच वेळ ओलाच राहतो. बंद जागेत त्याची वाफ शेजारच्या पृष्ठभागावर पांढरी बुरशीसारखी बसते. अॅक्रिलिकवाले क्लोरोफॉर्म वापरतात, तोही एकाने सुचवला. घरात मुलं असताना ती वाफ मला नको होती.

उरला दोन ट्यूबचा, सावकाश सेट होणारा इपॉक्सी. पाच मिनिटांत सेट होणारा मोह घालतो, पण तापल्यावर तो लवकर मऊ पडतो आणि एवढ्या मोठ्या कापावर पसरेपर्यंत घट्टही व्हायला लागतो. सावकाश इपॉक्सीची जोडी पडूनही सुटली नाही. पण ती जोडी घासलेली होती. न घासलेली जोडी पडली तेव्हा इपॉक्सीचा थर आरशासारखा अख्खाच्या अख्खा निघून आला. सांध्यात असं निघालं तर दोष बहुतेक वेळा डिंकाचा नसतो, पृष्ठभागाचा असतो. बेडवर छापलेली बाजू सपाट असते तशीच गुळगुळीतही असते.

म्हणून ओट्याच्या ग्रॅनाइटवर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून प्रत्येक काप त्यावर उभ्या-आडव्या रेषा येतील असा घासला, हातात धरून घासला तर कडा गोल होतात. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला आणि नंतर बोट लावलं नाही.

इपॉक्सी थोडा थोडाच कालवला. मोठा गोळा स्वतःच्या उष्णतेने तापतो आणि डब्यातच धरतो, आणि मे महिन्यात तर बघायलाच नको. कडेपासून अर्धा सेंटिमीटर सोडून पातळ थर दिला. भोकात डिंक भरायचा नाही. भरला तर पिन दाबताना तो दबून राहतो आणि सांधा मिटू देत नाही. पिनेच्या अंगाला पुसटसा हात पुरे. छातीचा तुकडा घुमट खाली करून चुंबळीवर उभा केला, वर मधला भाग ठेवला, म्हणजे वजनच सांध्याला दाबतं, आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून गुंडाळल्या. बाहेर आलेला डिंक ओला असतानाच अल्कोहोलच्या फडक्याने पुसला आणि एक दिवस हात लावला नाही.

पायांसाठी डिंकावर भरवसा ठेवलाच नाही. दोन्ही पायांतून ६ मिलिमीटरचा थ्रेडेड रॉड आरपार नेला, वर धडात ६० मिलिमीटर शिरवला आणि खाली प्लायवूडमधून काढून नट आवळला. पायाचे तुकडे त्या रॉडवर मण्यासारखे ओवले जातात, वेगळ्या पिना लागत नाहीत. आट्यांमध्ये इपॉक्सी भरला की रॉड खेचून निघत नाही. फेवीक्विक शेवटी वापरला तो फक्त चोचीला. तिथे भार नाही आणि सांधा नखाएवढा.

मान मात्र चिकटवली नाही. वहिनींना माळढोक तालुक्याच्या प्रदर्शनाला न्यायचा आहे आणि मानेसकट तो रिक्षात बसत नाही. तिथे पिना लांब घेतल्या, ४० मिलिमीटरच्या, आणि आतून एक बोल्ट दिला. सारख्या काढघालीत घट्ट पिन झिजेल हे धरून तीन जादा छापल्यात आणि प्लायवूडच्या खाली टेपने लावून ठेवल्यात.