कापसाचा सरासरी भाव आणि न हलणारा आकडा

आमची शेतकरी उत्पादक कंपनी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्यात कापूस खरेदी करते. हंगाम संपल्यावर बँकेला गावनिहाय सरासरी भावाचा अहवाल द्यायचा होता आणि मी तो पॉवर बीआय या अहवाल बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये करायला घेतला. एक्सेलमधल्या काटा-पावत्या आत आणणं, गावांची यादी जोडणं, हे एका दुपारी झालं. पुढचे चार दिवस मात्र एका आकड्याने खाल्ले. ज्या प्रशिक्षणात मी हे शिकलो, तिथे "कॉलम स्थिर, मेजर बदलतं" एवढं एक वाक्य सांगून पुढे गेले होते. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितोय.

पहिली चूक साधी होती. प्रत्येक पावतीसमोर रक्कम भागिले क्विंटल असा दराचा कॅल्क्युलेटेड कॉलम केला आणि अहवालात त्याची सरासरी लावली. आमच्या संचालक मंडळातल्या एका काकांनी आकडा बघताच मान हलवली. "एवढा भाव तं आमच्या गावाले नाही भेटला."

त्यांच्या गावाच्या दोनच पावत्या होत्या, त्या घेऊन कागदावर गणित केलं. एकाचा 2 क्विंटल कापूस 7,200 ने गेला, दुसऱ्याचा 18 क्विंटल 6,700 ने. दरांची सरासरी 6,950 येते. पण पैसे दिले 1,35,000 आणि माल आला 20 क्विंटल, म्हणजे खरा भाव 6,750. कॉलमला पावती तेवढी दिसते, तिचं वजन किती ते सरासरी काढताना कोणी विचारतच नाही. दोन क्विंटलवाला आणि अठरा क्विंटलवाला सारखेच मोजले गेले.

मग सूत्र बदललं. सूत्र बरोबर होतं, जागा चुकली:

```
Bhav = DIVIDE(SUM(Kharedi[Rakkam]), SUM(Kharedi[Quintal]))
```

हे मी `New column` दाबून लिहिलं. प्रत्येक पावतीसमोर एकच आकडा आला, 6,812. गाव निवडायचा स्लायसर फिरवला, 6,812. महिना बदलला, तरी 6,812. मला वाटलं गावांचं नातं तुटलंय, म्हणून टेबलं परत जोडली. फाइल नव्याने रिफ्रेश केली. एका मित्राने फोनवर सूत्राला `CALCULATE` गुंडाळायला सांगितलं, तर प्रत्येक ओळीत त्या पावतीचाच दर आला. म्हणजे फिरून पहिल्या चुकीपाशी.

चौथ्या रात्री लाईट गेलेली असताना कळलं की जोडणीत काहीच बिघडलेलं नव्हतं. कॅल्क्युलेटेड कॉलम रिफ्रेशच्या वेळीच मोजून फाइलमध्ये साठवला जातो. तेव्हा स्लायसरवर कोणी गाव निवडलेलं नसतं, म्हणून `SUM` सगळ्या टेबलाची बेरीज करतो. `CALCULATE` त्या ओळीलाच गाळणी बनवतो, म्हणून एकाच पावतीची बेरीज येते. गाव मधे येतच नाही. मेजर मात्र अहवालाच्या प्रत्येक चौकटीत, तिथे लागलेल्या गाळणीसह, त्या क्षणी मोजलं जातं. सकाळी कॉलम पुसला, तेच सूत्र एक अक्षर न बदलता `New measure` मध्ये टाकलं आणि काकांच्या गावासमोर 6,750 आले. मला फार बरं वाटलं.

तुमचंही असं अडलं तर आधी हेच बघा. स्लायसर फिरवूनही आकडा हलत नसेल तर बेरीज कॉलममध्ये केली आहे का ते तपासा. एकच आकडा दाखवणाऱ्या कार्डावर दर लाखांत दिसायला लागला तर दराच्या कॉलमची आपोआप बेरीज झालेली असते.

कॉलम वाईट, असं नाही. बँकेला आर्द्रतेप्रमाणे वेगळे गट हवे होते. मेजर स्लायसरमध्ये टाकता येत नाही, मॅट्रिक्सच्या ओळींवरही बसत नाही, तिथे कॉलमच लागतो:

```
Gat = IF(Kharedi[Ardrata] <= 8, "8 पर्यंत",
      IF(Kharedi[Ardrata] <= 12, "8 ते 12", "12 वर"))
```

पावतीवरची आर्द्रता काट्यावर एकदा ठरली, नंतर बदलत नाही. ज्याने गाळायचं किंवा गट पाडायचे ते मी कॉलममध्ये ठेवतो. ज्याची बेरीज, सरासरी, टक्केवारी काढायची ते मेजरमध्ये. आणि हो, `DIVIDE` च वापरा, एखाद्या चौकटीत क्विंटलची बेरीज रिकामी किंवा शून्य आली तर चौकट रिकामी दिसते, भलतं काही येत नाही.

अहवाल गेल्यावर बँकेतून फोन आला की शेवटच्या ओळीतला एकूण भाव वरच्या गावांच्या सरासरीशी जुळत नाही. तो जुळणारच नव्हता, कारण एकूण ओळीतही मेजर नव्याने मोजतं, सगळी रक्कम भागिले सगळे क्विंटल. मी त्यांना त्याच दोन पावत्यांचं गणित फोनवर सांगितलं आणि त्यांनी अहवाल ठेवून घेतला.