एक फोटोसेल, एक बोट: दिवा अखेर समोर गेला

अखेर जमलं! डोळ्यांवर पट्टी असताना दिवा डाव्या बोटाखाली थरथरायचा थांबला आणि टेबलापलीकडे, आपल्या जागी जाणवू लागला.

मांडणी मागच्या नोंदीतलीच आहे. उजव्या तर्जनीवर काळ्या कागदाच्या नळीत एक सेन्सर. त्यावर प्रकाश पडला की डाव्या बोटाखाली थरथर, नाही पडला की शांतता, आणि या दोहोंच्या मधलं काही नाही. फ्रान्समध्ये शार्ल लने यांच्या गटाने १९९०च्या दशकात असाच प्रयोग केला होता. हात हलवता आला तर लोकांना दिव्याचं अंतर सांगता येत होतं.

माझं घोडं अडलं होतं ते दिवा जागेवर राहत नव्हता म्हणून. हात डावीकडून उजवीकडे नेला की तो खऱ्या जागेच्या उजवीकडे वाटायचा, उलट नेला की डावीकडे. हात अगदी हळू नेला की दोन्ही जागा एक व्हायच्या. यावरूनच ओळखायचं की नेम ठीक आहे, निरोप उशिरा येतोय. अर्धा दोष एलडीआरचा, म्हणजे नळीतल्या त्या प्रकाश-सेन्सरचा. उजेडाला तो चटकन उठतो, पण अंधार झाल्यावर शांत व्हायला कधी कधी शंभर मिलिसेकंदही घेतो. हात सेकंदाला ५० सेंटिमीटर वेगाने जात असेल, तर तेवढ्यात ५ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. उरलेला अर्धा दोष नाण्याएवढ्या व्हायब्रेशन मोटरचा. वीज तोडली तरी ती थोडा वेळ फिरतच राहते.

म्हणून एलडीआर काढून फोटोट्रान्झिस्टर हा चटकन शांत होणारा सेन्सर घातला. घेताना पारदर्शक कवचाचाच मागा. काळ्या कवचाचा फक्त इन्फ्रारेड पकडतो, आणि पांढऱ्या एलईडी दिव्यात ते जवळजवळ नसतंच. ऑनलाइन किटवाले हे कुठे लिहीत नाहीत, त्यामुळे मी सुटे भाग समोर पारखूनच घेतो. मोटरऐवजी रावपुऱ्यातल्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून छोटा स्पीकर आणला आणि त्याला २५० हर्ट्झ दिले. त्याच सुमाराला आपली त्वचा थरथरीला सर्वांत तल्लख असते, आणि स्पीकर तत्क्षणी सुरू होतो, तत्क्षणी थांबतो. कानांत बोळे मात्र हवेत, नाहीतर आपण ऐकूनच खेळ ओळखतो.

मग भाच्याने दिवा कधी ४० सेंटिमीटरवर, कधी ८० वर ठेवला. हात स्थिर असला की फक्त थरथर. दिवा जवळ की लांब, काहीच कळेना. हात आडवा सरकवत, मनगट वळवत नेम दिव्यावर धरून ठेवला, तेव्हा फरक उघडा पडला. हात समोरून २० सेंटिमीटर बाजूला नेला तर जवळच्या दिव्यासाठी मनगट साधारण २७ अंश वळवावं लागतं, लांबच्यासाठी १४. पण हे आकडे मी नंतर मांडले. करताना त्यांचा विचार केला की दिवा निसटायचा आणि बोटाखाली पुन्हा नुसती थरथर उरायची.

फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६३७ मध्ये दोन काठ्या धरलेला अंध माणूस उदाहरणादाखल घेतला होता. हातांमधलं अंतर आणि काठ्यांचे कोन यांवरून मन जणू भूमितीने वस्तूची जागा काढतं, असं त्याचं म्हणणं. मेर्लो-पाँती या दुसऱ्या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९४५ मध्ये काठीच घेतली, पण म्हटलं की सवय झाल्यावर काठी ही जाणवण्याची वस्तू उरत नाही. स्पर्श तिच्या टोकाशी होतो. माझा अनुभव दुसऱ्याच्या बाजूचा आहे, आणि मला तेच खरं वाटतं.

तरी पुरावा पक्का हवा. माझ्याच फेरीतली थरथर रेकॉर्ड करून भाच्याने ती मला स्वस्थ बसवून वाजवून दाखवली. क्रम तोच, पण दिवा कुठेच नाही. यावर देकार्तवाला म्हणेल, मनाला सांध्यांचे कोन मिळालेच नाहीत, मग ते हिशोब कशाचा करणार? आक्षेप रास्त आहे.

पुढच्या वेळी सेन्सरांची चार बाय चारची जाळी करायची ठरवली होती. हे लिहितानाच ती बाजूला ठेवली. त्याऐवजी भाचा माझं मनगट धरून हात फिरवेल, मी ढिला सोडेन. म्हणजे थरथर मिळेल, कोनही मिळतील, फक्त करणारा मी नसेन. हेल्ड आणि हाइन या मानसशास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये मांजरीच्या पिलांवर असंच केलं होतं: एक पिलू स्वतः चाले, दुसरं त्याच्याच चालीवर पाळण्यात फिरे. दोघांना दृश्य तेच, पण पाळण्यातल्याला पृष्ठभाग जवळ येताना पंजा पुढे करता येईना. मनगट धरल्यावरही दिवा समोर राहिला, तर देकार्तवाल्यांना बरंच काही द्यावं लागेल. अडचण एकच: भाच्याने हात फिरवताना नेम दिव्यावर राहायला हवा. त्यासाठी मनगटाखाली लाकडी पट्टी आणि दिव्याच्या जागी खिळा ठोकून दोरी बांधायचा विचार आहे. याहून सोपं काही कुणी केलं असेल तर कळवा.