डेस्क, स्पिरिट आणि सतराचा पाढा : माझा अनुभव

रिटायर झाले तेव्हा शाळेतलं एक जुनं लाकडी डेस्क मी मागून घेतलं होतं. नवीन बेंच आले होते आणि जुनं सामान निघणारच होतं. एकट्यापुरतं, वर उघडणारं तिरकं झाकण, कोपऱ्यात दौतीचं भोक आणि पेन्सिल ठेवायची खाच असलेलं ते डेस्क. घरी आणलं आणि त्याच्यावर वर्तमानपत्रांचे गठ्ठे चढले, ते चढतच गेले. मागच्या वर्षी ओळखीतल्या एका अभ्यासिकेच्या ताई म्हणाल्या की लहान मुलांसाठी टेबल-डेस्क काही असेल तर द्या, फक्त डुगडुगणारं नको आणि खिळे वर आलेले नकोत. मला लगेच हे आठवलं.

पुसून देऊन टाकू असंच आधी वाटलेलं. पण धूळ झटकून झाकणावर एक कोरा कागद ठेवला आणि बॉलपेनने चार ओळी लिहून बघितल्या, तर पेन दर दोन शब्दांना खाली जात होतं, एका ठिकाणी कागदच फाटला. अशा डेस्कवर ज्याचं अक्षर अजून बसायचंय त्या मुलाने लिहायचं कसं? मग मी खडू घेतला आणि जिथे जिथे पेन बुडतं तिथे गोल करत गेले. चौदा गोल झाले. तेव्हाच ठरवलं की डेस्क चकाचक दिसो न दिसो, हे चौदा गोल शून्य झाल्याशिवाय ते घराबाहेर जाणार नाही.

एका पायाला बारीक भोकं होती, भुंग्याची. म्हणून आधी डेस्कखाली काळा कागद पसरून आठ दिवस तसंच ठेवलं. आतली कीड जिवंत असेल तर फिकट, पिठासारखा भुसा कागदावर पडतो. काही पडलं नाही. पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका, अळी आत महिनोन्महिने गप्प राहू शकते. मी सगळी भोकं मेणाने बुजवून टाकली, म्हणजे पुढे एखादं नवीन उघडं भोक दिसलं की कीड चालू आहे हे लगेच कळेल.

डुगडुगण्यासाठी ओळखीच्या सुतारदादांना फोन केला. ते म्हणाले, "बाई, खिळा तेवढा मारू नका. खिळ्याने आज घट्ट होईल आणि उद्या लाकूड चिरेल. जुना सरस सगळा खरवडा, मगच नवीन गम लावा." सरस म्हणजे प्राण्यांच्या कातड्यापासून करायचे तो जुना गम, आणि त्याच्या थरावर आपला पांढरा गम धरत नाही, कारण तो लाकडात मुरतच नाही. गरम पाण्यात भिजवलेलं फडकं सांध्यावर धरलं की सरस मऊ होतो, मग जुन्या चाकूने निघतो. सांधे कोरडे झाल्यावर गम लावला, पायांभोवती दोरी गुंडाळली, दोरीत काठी घालून पीळ दिला आणि एक दिवस हात लावला नाही. पीळ देऊन झाल्यावर सुतळीने दोन्ही कर्ण मोजायला मात्र विसरू नका, एक लांब एक आखूड आला तर डेस्क वाकडं चिकटतंय. गम ओला आहे तोवरच ते सरळ करता येतं.

आता झाकण. इथे माझी एक चूक झाली. साबणाच्या पाण्यात बुडवलेलं फडकं नीट न पिळताच फिरवलं आणि अर्ध्या तासात पांढरट धुरकट डाग उठला. घाबरले, पण त्या डागानेच मला पॉलिश कोणतं असावं त्याचा अंदाज दिला, लाखेच्या पॉलिशला पाणी सोसत नाही. खात्री करायला पायाच्या आतल्या बाजूला, जिथे कुणाला दिसणार नाही तिथे, स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस मिनिटभर धरला. पॉलिश चिकट झालं आणि कापसाला तपकिरी रंग आला, म्हणजे लाखच. हे आधी करून बघाच, कारण लाखेचं असेल तर सगळं घासून काढायची गरज नसते. स्पिरिटचा हलका हात फिरवला की जुनाच थर विरघळतो आणि पुन्हा एकसंध बसतो. पाय आणि बाजूच्या फळ्या मी अशाच केल्या, सँडपेपर लावलाच नाही. (खिडक्या उघड्या ठेवून आणि गॅस-उदबत्ती काही पेटलेलं नसताना करा, स्पिरिट पटकन पेट घेतं.) झाकणावरचं पॉलिश मात्र हातांनी झिजून ठिपक्याठिपक्यांनीच उरलेलं, ते स्पिरिटने पूर्ण काढलं.

आणि मग ते चौदा गोल. भिंगातून बघितल्यावर कळलं की खड्डे दोन जातींचे आहेत. काही ठिकाणी लाकूड फक्त दबलंय, एकाच कागदावर जोर देऊन वर्षानुवर्षं लिहिल्यामुळे. काही ठिकाणी ते कापलंय, कर्कटकाच्या टोकाने. दबलेल्या लाकडाचे तंतू तिथेच असतात, नुसते चेपलेले, त्यांना वाफ दिली की ते फुगून वर येतात. कापलेले तंतू मुळात तिथे नसतातच, तिथे वाफ काय करणार. सुती रुमाल ओला करून पिळला, चौघडी करून खड्ड्यावर ठेवला आणि वरून गरम इस्त्री सात-आठ सेकंद टेकवली. फुस्स आवाज आला, रुमाल उचलला तर लाकूड काळपट ओलं दिसलं. दोन मिनिटांनी ओल उडाली आणि बोट फिरवलं, तर मगाशी नखाला लागणारी रेघ जेमतेम जाणवत होती. तिसऱ्या वेळी ती गेलीच. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी तेच करत बसले. एकच सांगते, हे पॉलिश काढल्यानंतरच करायचं, लाखेवर इस्त्री टेकवली तर ती पांढरी पडते आणि रुमालाला चिकटते. चौदापैकी नऊ गोल वाफेनेच पुसले गेले.

दौतीच्या भोकाभोवती मोठा काळा डाग होता, त्याला सँडपेपर लावायचा मोह टाळला. जुन्या निळ्या-काळ्या शाईत लोह असायचं आणि लाकडात टॅनिन असतं, दोन्ही मिळून जो काळा रंग होतो तो खोल मुरतो. तो घासायला गेलं की डाग तसाच राहतो आणि फळीला खळगा पडतो. त्यावर ऑक्झॅलिक अॅसिड चालतं. काचेच्या भांड्यात पाव लिटर कोमट पाण्यात दोन चमचे घेतलं आणि फक्त डागावर न लावता अख्ख्या झाकणाच्या वरच्या बाजूला ब्रशने लावलं, नाहीतर तेवढाच गोल उजळ दिसला असता. वीस मिनिटांनी डाग करडा झाला, दुसऱ्या दिवशी परत लावल्यावर फिकट तपकिरी सावली उरली ती मी राहू दिली. हे विष आहे बरं का, हातमोजे आणि चष्मा पाहिजेच, धातूचं भांडं घ्यायचं नाही आणि काम झाल्यावर तीन वेळा स्वच्छ पाण्याने पुसून घ्यायचं. नीट धुतलं नाही तर वाळल्यावर त्याचे बारीक पांढरे कण राहतात आणि सँडपेपर मारताना ते नाकातोंडात जातात. मुलं जिथे हात आणि गाल टेकवणार तिथे तर मी चौथ्यांदाही पुसलं. बॉलपेनचे निळे डाग याने जात नाहीत, ते लोहाचे नसतात.

दोन दिवस सावलीत वाळवलं. पाण्याने लाकडाचे रोम उभे राहिले होते म्हणून आधी १८० आणि मग २२० नंबरचा सँडपेपर लाकडाच्या रेषांच्याच दिशेने हलका फिरवला, आडवा फिरवला तर ओरखडे पॉलिशखाली उठून दिसतात.

उरले पाच गोल, सगळे कर्कटकाचे. त्यातली दोन अक्षरं कुणीतरी फार मन लावून कोरलेली, कडा अगदी सरळ. सुतारदादा म्हणाले भुसा आणि गमाचा लगदा भरा, दोन मिनिटांचं काम. झाकणाच्या कडेखाली तसं करून बघितलं तर तिथे पॉलिशचा थेंब लावल्यावर काळी रेघ उठली. आणि खरं सांगायचं तर ती अक्षरं बुजवून टाकावीत असं मला वाटेना. म्हणून वेळखाऊ रस्ता धरला. लाखेचे पापुद्रे, चपडा म्हणतात तो, स्पिरिटमध्ये घट्टसर विरघळवला आणि काडीने थेंब थेंब त्या रेघांमध्ये सोडला. स्पिरिट उडालं की थर बसतो, खड्डा परत अर्धा रिकामा दिसतो, मग दुसऱ्या दिवशी परत. सात दिवस लागले. शेवटी वर आलेली लाख २२० च्या पेपरने सपाट केली. आता अक्षरं काचेखाली ठेवल्यासारखी दिसतात पण पेनाला लागत नाहीत.

मग अख्ख्या डेस्कला पातळ पॉलिश, १०० ग्रॅम चपड्याला साधारण ६०० मिली स्पिरिट, सुती फडक्याच्या बोळ्याने पाच हात दिले. दोन हातांमध्ये चार-पाच तास जाऊ दिले. मधे पाऊस होता ते दोन दिवस काम बंद ठेवलं, दमट हवेत लाख पांढुरकी होते. चपडा ताजाच विरघळवा, फार जुनं मिश्रण दिवसचे दिवस चिकटच राहतं. सगळ्यात वर मेणाचा पातळ हात.

झाकणाच्या आतल्या बाजूला मात्र मी काहीच लावलं नाही. तिथे पेन्सिलने कुणीतरी सतराचा पाढा लिहिलाय, बारीक अक्षरात, बहुतेक परीक्षेला झाकण किंचित उचलून बघायला. १७, ३४, ५१, ६८, ८५, १०२, आणि पुढे ११७. तिथून सगळा पाढा दोनने कमी. मी तिथे फक्त कोरडा ब्रश फिरवला.

शेवटी परत कोरा कागद ठेवला आणि पूर्ण पानभर लिहिलं, डावीकडून उजवीकडे, मग कागद फिरवून आडवं. पेन कुठेच बुडालं नाही.

देताना ताईंना दोन गोष्टी कागदावर लिहून दिल्या. गरम भांडं ठेवायचं नाही, आणि सॅनिटायझरने तर अजिबात पुसायचं नाही, त्यात अल्कोहोल असतं आणि लाख अल्कोहोलमध्येच विरघळते, एका पुसण्यात झाकण चिकट होईल. घट्ट पिळलेलं ओलसर फडकं पुरे. आणि कधी ओरखडा पडलाच तर मला बोलवा, लाखेवर नवीन लाख एकजीव होते, सगळं खरवडावं लागत नाही.

मी बिजागरीचे स्क्रू शेवटचे आवळत होते तेवढ्यात एक मुलगी येऊन बसली, चौथी-पाचवीतली असेल. वरच्या त्या दोन अक्षरांवरून बोट फिरवलं, मग झाकण उघडून आत बघितलं आणि ओठ हलवत वाचायला लागली. सातव्या ओळीला थांबली. परत वरून वाचलं.

"बाई, पेन्सिल आहे?" तिने विचारलं.

मी पर्समधून काढून दिली.