मध्यस्थीत चारपैकी तीनच मुद्दे सुटले, त्यानंतर काय केलं

घरदुरुस्तीच्या बिलावरून कंत्राटदाराशी आमचा वाद होता. मध्यस्थीच्या शेवटच्या बैठकीत शिल्लक बिल, जादा कामाचा दर आणि अपुऱ्या कामाची तारीख ठरली. गच्चीच्या गळतीचा खर्च कोणी सोसायचा, हे काही ठरेना.

अशा वेळी 'राहू द्या आता' म्हणून उठावंसं वाटतं. पण तोंडी ठरलेल्या तीन गोष्टी तशाच सोडल्या, तर आठवड्याभरात त्यांचे दोन अर्थ निघतात. म्हणून मध्यस्थांनी तिथेच अंशतः तडजोडीचा मसुदा लिहायला घेतला. आधी त्यांनी प्रत्येकाला वेगळं बसवून विचारलं: गळतीच्या मुद्द्यावर तुमच्याविरुद्ध निर्णय लागला, तरी या तीन गोष्टी मान्य राहतील का? हा प्रश्न फार कळीचा. दरातली सूट कोणी गळतीच्या आशेवर दिली असेल, तर ते मुद्दे वेगळे काढताच येत नाहीत.

दोघांनीही होकार दिल्यावर मसुद्यात तीन वाक्यं मुद्दाम घातली. चौथा मुद्दा सुटला नाही तरी ही तडजोड लागू राहील. शिल्लक बिलाच्या ठरलेल्या 2,40,000 रुपयांमधून गळतीपोटी वजावट करता येणार नाही. आणि 'पूर्ण व अंतिम' हे शब्द फक्त या तीन मुद्द्यांना लागू असतील. घात बहुधा या तिसऱ्या वाक्याअभावी होतो. छापील नमुन्यात 'एकमेकांविरुद्ध कोणताही दावा उरला नाही' असं असतं; त्यावर सही केली, तर गळतीचा दावाही त्यातच बुडू शकतो.

गळतीसाठी दोघांनी मिळून एक तज्ज्ञ नेमला, शुल्क निम्मं-निम्मं. त्याला विचारायचा प्रश्नही लिहून दिला: गळती नव्या जलरोधक थराच्या दोषामुळे आहे की स्लॅबच्या जुन्या तड्यामुळे? अहवाल बंधनकारक की नुसतं मत, हेही अहवाल येण्याआधीच ठरवलं. नंतर ठरवायला गेलं की हरणारा 'मत' म्हणतो आणि जिंकणारा 'बंधनकारक'. आम्ही मत ठेवलं आणि अहवालानंतर आणखी एक बैठक घ्यायची ठरली.

तिथेही जमलं नाही तर न्यायालय किंवा दोघांच्या संमतीनं नेमलेला, बंधनकारक निर्णय देणारा लवाद. त्याच मध्यस्थांना लवाद नेमायला मी तयार नव्हतो. त्यांना आमची खासगीत सांगितलेली शेवटची रक्कम माहीत होती. मध्यस्थी गोपनीय असते, त्यामुळे तिथले देकार पुढे पुरावा म्हणून सहसा वापरता येत नाहीत, पण मूळ बिलं आणि फोटो वापरता येतात. म्हणून गच्चीला हात लावण्याआधी फोटो काढून ठेवले. दावा आधीच दाखल असेल, तर अंशतः तडजोड न्यायालयात नोंदवून घ्यावी आणि उरलेल्या मुद्द्यापुरता खटला चालू ठेवावा. दाखल नसेल, तर दाव्याची मुदत कधी संपते हे वकिलाकडून त्याच दिवशी विचारून घ्यावं. मध्यस्थी चालू असताना मुदत थांबतेच असं नाही.