तुम्ही विचारलंत म्हणून: सगळ्या घराने ऐकायची कादंबरी

"रात्री जेवणं झाल्यावर आजीपासून पोरांपर्यंत सगळ्यांनी बसून ऐकावी अशी कादंबरी सांगा ना. आम्ही नेतो ती एकाला आवडते आणि बाकीचे जांभया देतात."

गुहागरकडच्या आमच्या वाचनालयात बसते, त्यामुळे हे मला बरेचदा ऐकावं लागतं. विचारणारे बहुतेक मुलांच्या कपाटाकडे बघत विचारतात. मी त्यांना तिथून हलवते. मुलांसाठीच लिहिलेलं पुस्तक आजोबा नातवासाठी म्हणून दोन रात्री ऐकतात आणि तिसऱ्या रात्री बातम्या लावतात. मोठ्यांसाठी लिहिलेली, पण मुलाला कळेल इतक्या साध्या वाक्यांची कादंबरी शोधायची. अशा थोड्या आहेत, पण आहेत. माझं पहिलं नाव ठरलेलं असतं: व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', १९५५ सालची.

लोक म्हणतात, ती तर माणदेशातली, आम्हाला कोकणातली द्या. म्हणून आधी कोकणातल्यांचं सांगते. 'श्यामची आई' दापोलीजवळच्या पालगडातली आणि तिची प्रकरणंच 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' अशी पाडलेली, बेचाळीस रात्रींपर्यंत. एका रात्रीचं वाचन साधारण पंधरा-वीस मिनिटांत होतं, म्हणजे आयतं मापून दिलेलं. पण ओळीने वाचायला घेतलंत तर उपदेशाचे परिच्छेद लागोपाठ येतात आणि पोरं कंटाळतात. मी बाराव्या रात्रीपासून सुरू करायला सांगते, 'श्यामचे पोहणे'. विहिरीला घाबरून लपलेला मुलगा आणि त्याला मारून पाण्याकडे पिटाळणारी आई. भोपळा बांधून पोहायला शिकलेले आजोबा घरात असतील तर पुढचा अर्धा तास तेच बोलतात. मग आवडेल ती रात्र उघडा. एखादी चुकली तरी फारसं बिघडत नाही.

श्री. ना. पेंडशांचा 'गारंबीचा बापू' मात्र मी लहान मुलांच्या घरी देत नाही. कादंबरी वाईट म्हणून नव्हे, मला स्वतःला फार आवडते. पण बापू आणि राधा यांचं जे आहे ते सासऱ्यासमोर सुनेने मोठ्याने वाचायचं, आणि शेजारी दहा वर्षांची मुलगी. वाचणारी अडखळते, पानं गाळायला लागते, आणि गाळलेलं ऐकणाऱ्याला लगेच कळतं. गो. नी. दांडेकरांची 'पडघवली' मुलं बारा-तेराची झाली की न्यावी. ती अंबूवहिनी स्वतः सांगते, त्यामुळे वाचतानाच बोलल्यासारखी होते, आणि घरातली आजी मधेच "असंच म्हणायचे गो आमच्याकडे" म्हणून साक्ष देते. त्यातली भाऊबंदकी लहानांच्या डोक्यावरून जाते, एवढंच.

आता 'बनगरवाडी'. एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला येतो आणि बघतो तर पोरं मेंढरांमागे गेलेली, शाळेत कुणीच नाही. इथूनच तिघं तीन गोष्टी ऐकायला लागतात. मुलाला शाळेत पोरं नसलेला मास्तर भयंकर गमतीचा वाटतो, आता हा काय करणार म्हणून तो ऐकतो. आई-बाबांना परक्या गावात पहिल्या नोकरीवर गेलेला माणूस दिसतो. आजी-आजोबांचं लक्ष कारभाऱ्याकडे असतं, कारण शब्दावर वाडी चालवणारे असले म्हातारे त्यांनी पाहिलेले असतात. एकाच पानावर तिघांना वेगवेगळं काहीतरी लागतं. पुस्तक निवडताना मी हेच शोधते.

मग पुढे शेकूचा प्रसंग येतो. त्याच्याकडे बैल एकच, आणि दुसऱ्या बैलाच्या जागी त्याची बायको स्वतः जुवाला लागते. माडगूळकर तिथे हळहळत नाहीत, छोट्या वाक्यांत काय झालं ते सांगतात आणि पुढे जातात. मोठ्याने वाचणाऱ्याला असं लिहिणं सोपं पडतं, आवाजात रडं आणावं लागत नाही. आमच्या शेजारच्या घरी हे वाचलं तेव्हा आजी म्हणाली, "अगो, बाईने नांगर ओढायचा?" आणि नातू म्हणाला, "पण मग तिचा पाय नाही का दुखणार?" दोघांनी विचारलं एकच, फक्त नातवाने पायापासून सुरुवात केली.

दुष्काळ हीसुद्धा आमच्याकडे नवलाची गोष्ट. चार महिने पागोळ्या बघणाऱ्या मुलाला पाऊस न पडलेलं गाव कसं दिसतं ते ठाऊक नसतं. म्हणून कोकणातलीच कादंबरी हवी हा हट्ट मला पटत नाही.

दुसरं पुस्तक नेणार असाल तर नेण्याआधी एवढं करा. मधलं एखादं पान उघडा आणि इथेच, वाचनालयात, मोठ्याने वाचा. लाजू नका. एका वाक्यात दोनदा श्वास घ्यावा लागला तर ते पुस्तक डोळ्यांनी वाचायचं आहे. हरि नारायण आपट्यांची 'उषःकाल' 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः आलेली, त्यामुळे पुढे काय होणार ही ओढ तिच्यात भरपूर, पण वाक्यं लांब आणि पुस्तक जाडजूड. ती घेतलीत तर पुरते काही महिने धरून चाला. मग संवादांचं पान बघा. चार-पाच वाक्यं 'म्हणाला' नसताना गेली तर ऐकणाऱ्याला कोण बोलतंय ते कळत नाही. तिथे वाचणाऱ्याने नाव घालावं, त्यात पाप नाही.

हिशोबही करून ठेवा. सावकाश वाचलं तर पानाला दोन-अडीच मिनिटं लागतात, मधे कुणी तरी पाणी मागतं, म्हणजे अर्ध्या तासात दहा पानं. सव्वाशे-दीडशे पानांची कादंबरी पंधरवड्यात संपते. अडीचशे पानांच्या वर गेलात तर मधे पाहुणे, परीक्षा किंवा लग्न येणार हे धरूनच चाला. आषाढात सुरू करू नका. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना पुढच्या माणसालाही ऐकू येत नाही, मागे झोपाळ्यावरच्या आजोबांचं तर सोडाच. गणपतीत घर माणसांनी भरतं आणि धागा तुटतो. गौरी-गणपती आटोपले की घ्यावी.

चालतंय की नाही, ते वाचताना कळत नाही. आजोबांचे डोळे मिटलेले असतात आणि पोरगं चटईची काडी उपसत असतं, तरी दोघं ऐकत असतात. दुसऱ्या दिवशी बघा. काल रात्री बाबा घरी नव्हते, तर काय झालं ते मुलाला सांगायला लावा. त्याने तीन-चार वाक्यांत नीट सांगितलं तर पुस्तक बरोबर आहे. "ते असंच काहीतरी गावाचं होतं" म्हणाला, तर पाच रात्री झालेल्या असोत की दहा, परत आणून द्या. आम्ही दंड घेत नाही.

'बनगरवाडी'चा शेवट मात्र शनिवारी येईल असं बघा. दुष्काळात वाडी उठते, माणसं मेंढरं घेऊन निघून जातात आणि शेवटी मास्तरही निघतो. मुलं त्यानंतर लगेच झोपत नाहीत. ती माणसं परत आली का, हे विचारत राहतात, आणि पुस्तकात त्याचं उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी शाळा नसली की आजोबांना सावकाश बोलता येतं.