२४० रुपयांचा ग्राहक

कांदा-लसूण मसाला ऑनलाइन विकणाऱ्या एका छोट्या कंपनीच्या स्लाइड्स तपासायला मी बसलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी इन्व्हेस्टरची मीटिंग, मागणी २ कोटींची. स्लाइड्स देखण्या होत्या. एका ठिकाणी ठळक अक्षरांत लिहिलं होतं: एक ग्राहक मिळवायचा खर्च २४० रुपये, एका ऑर्डरमागे सुटतात १९० रुपये.

"हे २४० कुठून आले गं?" कंपनी चालवणाऱ्या मुलीला मी विचारलं.

"दादा, महिन्याला जाहिरात २ लाख ४० हजारांची, ऑर्डर १,०००."

पण त्या हजारातले नवे ग्राहक होते ४००च. बाकीचे जुनेच, पुन्हा मागवणारे. म्हणजे नवा ग्राहक पडला ६०० रुपयांना.

मग १९०कडे वळलो. ४२०ची ऑर्डर, पण त्यातले २० रुपये जीएसटीचे, ते आपले नव्हेतच. उरलेल्या ४००तून माल आणि पॅकिंग १७०, कुरिअर ६०, पेमेंटचा खर्च ८. शिवाय शंभरातल्या १८ ऑर्डर दारातून परत येत होत्या. प्रत्येकीचं जाण्यायेण्याचं भाडं ११० रुपये. ते पोहोचलेल्या ८२ ऑर्डरींवर वाटलं की प्रत्येकीवर २४ रुपये बसतात. हाती राहिले १३८. म्हणजे ६०० वसूल व्हायला पाचवी ऑर्डर यावी लागणार, आणि जानेवारीत आलेल्या ग्राहकांनी सहा महिन्यांत सरासरी ३.१ वेळाच मागवलं होतं.

ती गप्पच झाली. मलाही जेवण जाईना.

रात्री अकराला सहज म्हणून जानेवारीची यादी पैसे देण्याच्या पद्धतीनुसार वेगळी केली. आधी पैसे भरणारे साधारण एक तृतीयांश होते आणि त्यांची सरासरी निघाली ४.८ ऑर्डर. कॅश ऑन डिलिव्हरीवाल्यांची २.२. परत येणारा माल जवळपास सगळा या दुसऱ्यांचा. ते २४ रुपये काढले तर आधी पैसे भरणाऱ्याकडून ऑर्डरमागे १६२ सुटतात. चौथ्या ऑर्डरला ६०० वसूल.

निधीची स्लाइड तिथेच बदलली. आधी ४० टक्के रक्कम सरसकट जाहिरातीला होती. आता पहिले सहा महिने जाहिरात आहे तेवढीच, आणि आधी पैसे भरणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर गेलं तरच पुढची रक्कम मोकळी करायची.

रनवेच्या, म्हणजे हातातले पैसे किती महिने पुरतील त्या स्लाइडवर तर ५९ महिने लिहिले होते! बँकेतले ३६ लाख आणि नवे २ कोटी, भागिले आजचा ४ लाखांचा मासिक तोटा. मार्केट यार्डातल्या मिरचीवाल्यांचे ६ लाख देणं होतं, ते वजा केलं. नव्या नेमणुकांनंतर तोटा ११ लाखांवर जाणार, म्हणून त्यानेच भागलं. आले २१ महिने.

मीटिंगमध्ये त्या गृहस्थांनी पहिल्या सहा स्लाइड्स भराभर पुढे ढकलल्या आणि जानेवारीच्या तक्त्यावर थांबले.

"मग कॅश ऑन डिलिव्हरी बंदच का करत नाही?"

"लातूर-सोलापूरकडची बरीच विक्री त्यावर चालते, सर. तिथे आधी पैसे भरल्यास ३० रुपये सूट देऊन बघतोय. तीन आठवडेच झालेत."

त्यांनी सगळ्या ऑर्डरींची मूळ फाइल मागितली. संध्याकाळी पाठवली.